अष्टमातला मंगळ आणि काकूंची फाईल: एका पत्रिकेचं प्रकरण

हे प्रकरण 2025 च्या जानेवारीतलं. दोन्ही घरांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललंय, जन्मतारीख देत नाही, पण ग्रह मात्र जसेच्या तसे ठेवलेत कारण सगळं त्यावरच आहे.

डिसेंबरात साखरपुडा झालेला, मे महिन्यातली तारीख धरलेली, हॉलला अ‍ॅडव्हान्स देऊन झालेला. मुलगी 26 वर्षांची, साताऱ्याकडची, फिजिओथेरपिस्ट. मुलगा पुण्यात नोकरीला, वय 30, त्याची आई आणि तो, दोघंच घरात. साखरपुड्याच्या आधी कुणीच पत्रिका बघितली नव्हती, मुलाला बघायचीच नव्हती. नंतर मुहूर्त काढायला म्हणून त्याची आई (मी त्यांना काकू म्हणते) एका गुरुजींकडे गेल्या आणि तिथून जे सुरू झालं ते माझ्याकडे येईपर्यंत तीन ज्योतिषी झाले होते.

पहिल्यांदा आले ते मुलीचे आईवडील. त्यांच्या हातात वहीचा एक फाटका कागद होता, त्यावर लाल पेनाने कुंडली काढलेली आणि खाली लिहिलेलं, 'मांगल्यस्थान बिघडले आहे. वैधव्ययोग. कुंभविवाह आवश्यक.' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा. वडील म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगा, कुंभविवाह केला तर मिटेल का? करून टाकतो, पण पोरीला कसं सांगू?" आई काहीच बोलली नाही, ती फक्त त्या दोन रेघांवरून बोट फिरवत होती.

आता कुंडली. 1998, ऑगस्टचा शेवटचा आठवडा, दुपारी अडीच, सातारा. त्यानुसार धनू लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला धनू रास उगवत होती आणि घरं तिथून मोजायची. कर्केत मंगळ, शुक्र आणि बुध तिघं एकत्र, म्हणजे अष्टमात. धनू लग्नाला बुध सप्तमेश, म्हणजे पतीच्या घराचा मालक अष्टमात आणि सोबत नीचेचा, म्हणजे त्याच्या सगळ्यात दुबळ्या राशीतला मंगळ. त्यात मेषेतल्या शनीची तिसरी दृष्टी सप्तमावर, आणि तो शनीसुद्धा नीचेचा. स्त्रीच्या पत्रिकेत अष्टमाला मांगल्यस्थान, म्हणजे तिचं सौभाग्य बघायचं घर, म्हणतात हे आपल्याकडे घरातल्या आजीलाही माहीत असतं. त्यामुळे हा कागद कुठेही नेला तरी बघणाऱ्याच्या कपाळावर आठी येणार, त्यात त्या गुरुजींनी पदरचं काही घातलं होतं असं मी म्हणणार नाही. पोथीत आहे तेच त्यांनी लिहिलं, फक्त अर्धं लिहिलं.

अर्धं कसं ते सांगते. मंगळाचा जो श्लोक सगळे म्हणतात, 'लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे', त्याची दुसरी ओळ आहे 'कन्या भर्तृविनाशाय भर्ता कन्याविनाशकः'. म्हणजे पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं यात मंगळ असेल तर जेवढं मुलीला लागू तेवढंच मुलालाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांत मुलाचा मंगळ म्हणजे 'तेवढा चालतो' आणि मुलीचा म्हणजे नवऱ्याच्या जिवावर, असाच व्यवहार दिसतो. आणि जरा साधं गणित करून बघा, बारा घरांपैकी पाच घरं म्हणजे शंभरात एकेचाळीस-बेचाळीस पत्रिका या श्लोकात बसतात, चंद्रापासूनही मोजायला लागलात तर साधारण सहासष्ट. एवढ्या बायका तरुणपणी विधवा होत असत्या तर गावं वेगळीच दिसली असती.

दुसरं, वराहमिहिराच्या बृहज्जातकात स्त्रीजातक म्हणून अध्याय आहे. अष्टमात पापग्रह असेल तर वैधव्य हे त्यात आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण त्याच श्लोकात पुढे म्हटलंय की दुसऱ्या स्थानी शुभग्रह असले तर ती स्वतःच आधी जाते. म्हणजे ग्रंथकार एका ग्रहावर थांबत नाही, लगेच दुसरीकडे बघतो. आणि तो काळही बघा, दीड हजार वर्षांपूर्वीचा, बाईचं सगळं आयुष्य नवऱ्याच्या असण्यानसण्यावर ठरायचं, तेव्हा तिच्या पत्रिकेतला पहिला प्रश्न नवरा किती जगेल हाच असणार. आज जी मुलगी स्वतःच्या क्लिनिकचं भाडं भरते तिचं अष्टमस्थान त्याच एका शब्दात वाचायचं का, हा प्रश्न आपण ज्योतिषांनी स्वतःला विचारायला पाहिजे, गिऱ्हाईक विचारणार नाही.

मी पहिल्या भेटीत जे केलं ते आधी सांगते, कारण त्यात माझी चूक झाली.

मी वेळ तपासली. 'अडीच' म्हणलं की मी नेहमी विचारते की हे कुणी सांगितलं, कारण अडीच, साडेतीन, पावणेपाच या आठवणीतल्या वेळा असतात, घड्याळातल्या नसतात. मुलीच्या आईने घरी जाऊन हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद शोधला, त्यावर दोन पंधरा. पंधरा मिनिटांचा फरक. त्या दिवशी साताऱ्याला धनू लग्न साधारण दोन वीसच्या पुढे लागतं. म्हणजे अडीचला धनूचा दुसरा-तिसरा अंश आणि दोन पंधराला वृश्चिकेचा शेवटचा अंश-दीड अंश. लग्न साधारण चार मिनिटाला एक अंश सरकतं, त्यामुळे सीमेवरच्या पत्रिकेत एवढ्यानं सगळी घरं बदलतात. वृश्चिक लग्न धरलं की तेच तीन ग्रह कर्केतच, पण नवमात, म्हणजे भाग्यस्थानात. मंगळ लग्नेश, शुक्र सप्तमेश, दोघं भाग्यात, आणि मीनेतला स्वराशीचा गुरू पंचमात बसून त्यांना बघतोय. ज्या पत्रिकेवर वैधव्ययोग लिहिलं होतं तीच आता 'लग्नानंतर भाग्योदय' म्हणून वाचता येते. ग्रह तसूभरही हललेले नाहीत.

मला फार आनंद झाला आणि मी तो लगेच फोनवर सांगून टाकला, मंगळ नाहीच म्हणून. मुलीकडचे सुटल्यासारखे झाले, त्यांनी मुलाकडे कळवलं, आणि दोन दिवसांनी काकूंचा मला फोन. आवाज एकदम थंड. "तुम्ही मुलीकडच्यांच्या सांगण्यावरून वेळ बदललीत ना?" मी कागदाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागदावर नर्सने नंतर लिहिलं असेल." आणि खरं सांगायचं तर हे खोडता येत नाही. लेबर रूममध्ये आधी बाळ-बाळंतीण बघतात, वेळ मागून भरली जाते, घड्याळ पाच मिनिटं पुढे-मागे असू शकतं, आणि इथे तर सीमेपासून जेमतेम पाच-सहा मिनिटांवर सगळा खेळ. दोन पंधरा हे अडीचपेक्षा भरवशाचं आहे एवढंच मी म्हणू शकते, नक्की वृश्चिक असं छातीठोक म्हणणं ही माझी घाई होती.

मग मी दुसरा मार्ग धरला, तोही तितकाच चुकीचा. म्हणलं, धनू लग्न धरलं तरी परिहार, म्हणजे दोष कटायची कारणं, आहेत. मीनेतल्या गुरूची पाचवी दृष्टी थेट कर्केवर, म्हणजे मंगळावर, तोच गुरू धनू लग्नाचा लग्नेश आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीकारकही. कर्केतला मंगळ बरेच जण निर्दोष धरतात. चंद्र कन्येत, त्याच्यापासून मंगळ अकरावा, तिथेही दोष नाही. महादशा गुरूची चालू. सगळं बरोबर होतं. पण काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोष आहे, पण कमी आहे, असंच ना?"

तिथे मला कळलं की परिहार सांगणं म्हणजे भीती मान्य करणं. 'सौम्य मंगळ', 'दोष कटतो', 'फार नाही' हे आपण धीर द्यायला म्हणतो आणि समोरच्याच्या डोक्यात फक्त 'आहे' एवढंच राहतं. पंधरा वर्षांपूर्वी मी एका मुलीला असंच 'थोडासा आहे, काळजी नको' म्हणलं होतं, ती नंतर भेटली तेव्हा म्हणाली की नवऱ्याला साधा ताप आला तरी तुमचं 'थोडासा' आठवतं. ते माझ्या अजून मनात आहे, आणि तरीही मी इथे परत तेच केलं.

म्हणून मी काकूंना एकटीला बोलावलं. मुलीकडच्यांसमोर नाही, मुलासमोरही नाही. कुंडली टेबलावर ठेवलीच नाही. चहा दिला आणि एवढंच विचारलं की हे वैधव्य शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात?

त्यांनी प्लास्टिकची फाईल आणलेली. मला वाटलं त्यात मुलाची पत्रिका असेल. ती होतीच, पण तिच्या मागे अजून एक पिवळी पडलेली पत्रिका, कडेला हळदीकुंकवाचे डाग, त्यांची स्वतःची. 1993 ला लग्न झालं. 2002 ला नवरा गेला, रात्री छातीत दुखलं, रिक्षात बसवेपर्यंत संपलं, वय 41. त्या 34 च्या, मुलगा सात वर्षांचा. तेराव्याच्या आधीच सासूबाईंनी ही पत्रिका काढून कुणाला तरी दाखवली, की हिच्यात काय होतं ते बघा. काकूंनी तेव्हापासून ती जपून ठेवलीय. मला म्हणाल्या, "तुम्ही बघा, माझ्यात मंगळ होता का?"

मी बघितली. नव्हता. अष्टम रिकामं, सप्तमेश चांगला, गुणही अठ्ठावीस जुळलेले, पाठीमागे पेन्सिलने लिहिलेलं होतं.

इथे 'बघा, तुमच्यात नव्हता तरी झालंच ना, मग मंगळाचा काय संबंध' असं म्हणायचा मोह होतो. मी नाही म्हणलं. तेवीस वर्षं ज्या बाईला आपल्यात काहीतरी होतं असं वाटत आलं तिच्या दुःखाचा मुद्दा करून वाद जिंकायचा नसतो. मी फक्त म्हणलं, तुमच्या पत्रिकेत असं काहीही नाही, तेव्हाही नव्हतं. त्या बराच वेळ रडल्या. नंतर पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला ती मुलगी वाईट वाटत नाही हो. मला परत ते बघवणार नाही."

त्यानंतरचं बोलणं सोपं झालं, कारण आता प्रश्न खरा होता. त्यांना हमी पाहिजे होती की मुलगा दीर्घायुषी होईल. ती मी दिली नाही. 'मृत्यूचं भाकीत मी करत नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही' हे मी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगते, कारण 'ऐंशी वर्षं जगेल' म्हणणं हे 'वैधव्ययोग आहे' म्हणण्याइतकंच बिनबुडाचं आहे. हे सांगितल्यावर जी शांतता पडते ती सहन करायला शिकावं लागतं, आपल्याला ती भरून काढायची घाई होते आणि मग तोंडातून काहीतरी निघतं. शिवाय नवऱ्याचं आयुष्य बघायचंच तर आधी त्याची स्वतःची पत्रिका बघायची, ही परंपरेतलीच रीत आहे. बायकोच्या कुंडलीवरून नवऱ्याचं मरण ठरवणं हे शास्त्राच्या नावाखाली केलेलं शॉर्टकट आहे.

पण काळजीला पत्ता होता, आणि तो मुलीच्या अष्टमात नव्हता. वडील 41 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर ती गोष्ट धोक्यात मोजतात. मी विचारलं, मुलाचं कोलेस्टेरॉल कधी बघितलंय का? नाही. बीपी? कंपनीत एकदा. सिगारेट? त्या गप्प बसल्या. मी म्हणलं, कुंभविवाहाला जो खर्च सांगितलाय त्याच्या दहाव्या हिश्शात मुलाच्या रक्ताच्या तपासण्या होतात, त्या आधी करा, आणि डॉक्टरला वडिलांचं आवर्जून सांगा. ही ज्योतिषाची हद्द सोडून बोलल्यासारखं कुणाला वाटेल, मला तसं वाटत नाही. माणूस माझ्याकडे नवऱ्याच्या, मुलाच्या जिवाची भीती घेऊन आलाय, आणि मला समोर खरं कारण दिसतंय, तर मी मंगळावर बोलत बसू का? बाकीचं व्यवहाराचंही बोललो, टर्म इन्शुरन्स, घर दोघांच्या नावावर, बँकेत नॉमिनी. 2002 ला नवऱ्याच्या खात्यातले पैसे काढायला काकूंना वर्षभर हेलपाटे घालावे लागले होते, त्यामुळे हे त्यांना माझ्याआधी पटलं.

कुंभविवाहाचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात मुलीचं आधी पाण्याने भरलेल्या कुंभाशी लग्न लावतात, मग तो कुंभ विसर्जित करतात, म्हणजे पहिल्या नवऱ्याचं जे व्हायचं ते कुंभाचं झालं असं मानायचं. करणाऱ्यांची श्रद्धा असते, मी त्याची टवाळी करणार नाही. पण विधीत मुलीला बसवून तिला काय सांगितलं जातं? की तुझ्यात नवरा मारायची शक्ती आहे आणि ती आम्ही मडक्यावर उतरवतोय. ते मडकं नदीत जातं, ते वाक्य तिच्याजवळ राहतं. आणि पुढे चाळीस वर्षांत घरात कुणाला काही झालं की 'विधी नीट झाला नसेल' हे आहेच. काकूंना काहीतरी करायचंच होतं, हात रिकामे ठेवून बसवत नाही माणसाला, म्हणून मी म्हणलं कुलदैवताला दोघांना जोडीने घेऊन जा, अभिषेक करा, दोघांच्या आयुष्यासाठी, एकाच्या दोषासाठी नाही. त्या म्हणाल्या मंगळवार करते. म्हणलं करा.

अजून एक. काकू मुलाला दिवसातून सात-आठ फोन करायच्या, रात्री तो झोपला की दारातून बघायच्या श्वास चालू आहे का. हे पूजेने जाणारं नाही. मी त्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि जवळच्या एका समुपदेशकाकडे जायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांना राग आला. नंतर गेल्या, तीन-चार वेळा तरी.

मुलगी माझ्याकडे शेवटी आली, एकटी, मार्चमध्ये. तिला सगळं कळलं होतं, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या लाल कागदाचा फोटो फिरवला होता. तिने लग्न, राशी, मंगळ काही विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, उद्या त्याला काही झालं, साधं अ‍ॅक्सिडेंट झालं, तर सगळे माझ्याकडे बघतील ना?"

याचं उत्तर कुंडलीत नाही. मी तिला खोटा धीर दिला नाही, म्हणलं बघतील कदाचित, म्हणून हे आत्ता बोलून घ्या, लग्नानंतर नाही. तू त्याला सांग की हे त्याच्याच तोंडून घरात बोललं गेलं पाहिजे. त्याने ते केलं. आईला, मुलीच्या आईवडिलांना आणि दोन्हीकडच्या मामांना एकत्र बसवून सांगितलं की माझ्या बाबांना हार्टचा त्रास होता, माझंही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालंय, डॉक्टरने गोळी आणि चालायला सांगितलंय, सिगारेट मी सोडतोय, पुढे माझ्या तब्येतीचं काहीही झालं तरी ते माझ्या शरीराचं आहे, हिचं नाव कुणी घ्यायचं नाही. काकू तिथेच होत्या. त्यांनी तो लाल कागद मागून घेतला आणि फाडला असं मला मुलीच्या वडिलांनी सांगितलं.

लग्नाच्या आठवडाभर आधी काकूंचा फोन आला. मला वाटलं परत मंगळ. पण त्यांना विचारायचं होतं की त्यांनी मुलाला हळद लावली तर चालेल का, सुनेची ओटी भरली तर चालेल का, जाऊबाई म्हणतायत की सवाष्णीनेच करायचं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग सरकारने बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं, ते मी त्यांना सांगितलं, पण त्यांना ठराव नको होता, त्यांना कुणीतरी 'लावा' म्हणायला हवं होतं. मी म्हणलं काकू, पहिली हळद तुमची. आणि कुंकूही लावून जा, हवं असेल तर.

"कुंकवाचं बघते," म्हणाल्या. "हळद लावते."